हॉटेलच्या पोरांना इंग्रजीचा क्लास : '७८ टक्के सुधारणा' म्हणजे नेमकं काय? आधीची आणि नंतरची चाचणी कशी ओळखायची?

खुलताबाद : पावसाळा सरत आला की वेरूळ, फर्दापूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलवाल्यांची सीझनची तयारी सुरू होते. ऑक्टोबर ते मार्च विदेशी पाहुणे जास्त येतात. याच दिवसांत हॉटेलच्या एचआर मॅडमच्या मेलवर स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांची पत्रं येऊन पडतात. मजकूर बहुतेक एकाच साच्याचा. "तुमच्या फ्रंटलाइन स्टाफला आम्ही ४० तासांत इंग्रजी बोलायला शिकवू. आधी चाचणी, नंतर चाचणी. मागच्या बॅचमध्ये ७८ टक्के सुधारणा."

फ्रंटलाइन स्टाफ म्हणजे दुसरं तिसरं कोणी नाही, आपल्याच गावातली पोरं-पोरी. गेटवरचा वॉचमन, काउंटरवरची मुलगी, वेटर, रूम साफ करणाऱ्या ताई, गाडीवरचा ड्रायव्हर. पाहुण्याच्या समोर पहिल्यांदा जो उभा राहतो तो फ्रंटलाइन. या चाचणीचे गुण बघूनच उद्या कोणाला काउंटरवर घ्यायचं अन् कोणाला मागं भांड्यावरच ठेवायचं हे ठरू शकतं. आणि असे क्लास चालवणारेही आता तालुक्याच्या गावात आहेत. म्हणून हा मेल कसा असतो, त्यातली चाचणी खरी कधी असते अन् नुसती दाखवायची कधी, हे दोन्ही बाजूंनी समजून घेऊ. खाली वेरूळजवळचं एक हॉटेल उदाहरण म्हणून धरलं आहे. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, कुठल्या खऱ्या हॉटेलचे नाहीत.

आधी काय मोजायचं ते ठरवा

बऱ्याच क्लासवाल्यांची आधीची चाचणी म्हणजे ५० प्रश्नांचा कागद. रिकाम्या जागा भरा, काळ ओळखा, अनेकवचन लिहा. बारावी झालेल्या पोराला त्यात ३५ गुण पडतात अन् पाहुणा समोर आला की तोच पोरगा मान खाली घालतो. उलट सात-आठ वर्षं पर्यटकांत वावरलेल्या ड्रायव्हरला कागदावर १० गुण, पण गिऱ्हाईक तो बरोबर सांभाळतो. म्हणजे त्या कागदानं मोजलं व्याकरण, आणि हॉटेलला पाहिजे बोलणं.

म्हणून जाणता क्लासवाला मेलमध्ये पहिली मागणी करतो ती अशी : "चाचणी काढण्याआधी आम्हाला दोन शिफ्ट तुमच्या हॉटेलात उभं राहू द्या." तिथं उभं राहून तो बघतो की पाहुणा काय विचारतो, पोरगा कुठं अडतो. मग कामातूनच चाचणी निघते. आपल्या उदाहरणात अशी सहा कामं निघाली :

१. विदेशी पाहुण्याकडं पासपोर्ट अन् व्हिसा मागणे आणि का पाहिजे ते सांगणे. हॉटेलला अशा पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते, त्यामुळं हे काम टाळता येत नाही.
२. वेरूळची लेणी मंगळवारी बंद अन् अजिंठ्याची सोमवारी बंद, हे सांगून पाहुण्याचा दिवस बदलून देणे.
३. खोलीत गरम पाणी येत नाही ही तक्रार समजून घेणे अन् किती वेळात होईल ते सांगणे.
४. भाजीत शेंगदाणा आहे का, या प्रश्नाचं नीट उत्तर देणे.
५. फोनवर गाडीची वेळ घेणे. फिफ्टीन आणि फिफ्टी यात गफलत न करता.
६. पाहुण्याला बरं वाटत नाही तेव्हा काय होतंय ते विचारणे अन् १०८ ची गाडी बोलावतोय हे सांगणे.

यातलं चौथं काम जरा थांबून बघा. आपल्याकडं मसाल्यात, चटणीत, भाजीच्या रश्शात शेंगदाण्याचा कूट सर्रास असतो. काही पाहुण्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. ती जोराची असली तर श्वास अडकून जिवावर बेतू शकतं. पाहुणा विचारतो, "डझ इट हॅव नट्स?" आपल्या पोराला नट्स हा शब्द कळत नाही, पण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो हसून म्हणतो, "येस सर, नो प्रॉब्लेम." यात पोराचा उर्मटपणा नाही की आळस नाही. न कळलेलं झाकायची सवय आहे, अन् ती शाळेपासूनची आहे. पण या एका उत्तराची किंमत मोठी पडू शकते. म्हणून चाचणीत हे काम असलंच पाहिजे. आणि "सॉरी सर, आय डोन्ट नो. वन मिनिट, आय आस्क किचन" असं म्हणणाऱ्या पोराला गुण मिळालेच पाहिजेत. व्याकरणाच्या कागदावर हे वाक्य चुकीचं ठरेल. हॉटेलात तेच सगळ्यात शहाणं उत्तर आहे.

गुण द्यायची पट्टी

नुसतं "चांगलं, बरं, वाईट" असं लिहून चालत नाही. एका सरांचं बरं दुसऱ्याला चांगलं वाटतं. म्हणून प्रत्येक कामाला शून्य ते चार अशी पट्टी असते अन् प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच लिहून ठेवलेला असतो.

शून्य म्हणजे उत्तरच नाही, किंवा न कळता नुसतं "येस येस". एक म्हणजे सुटे शब्द बोलला, पण पाहुण्याला अर्थ लागला नाही. दोन म्हणजे अर्थ लागला, पण पाहुण्याला दोन-तीनदा विचारावं लागलं. तीन म्हणजे एका दमात काम झालं, भाषेत चुका असल्या तरी हरकत नाही. चार म्हणजे काम झालंच, वर पाहुण्यानं पुढचा प्रश्न विचारला तोही निभावला.

दुसऱ्या कामाचं उदाहरण घ्या. पाहुणा म्हणतो, उद्या सकाळी कैलास लेणं बघायचंय. उद्या मंगळवार. एक पोरगा म्हणतो, "टुमॉरो नो." त्याला एक गुण. दुसरा म्हणतो, "सर, टुमॉरो ट्यूजडे, एलोरा क्लोज. यू गो अजंठा टुमॉरो, एलोरा वेन्सडे." व्याकरण मोडकं आहे, पण पाहुण्याचा दिवस वाचला. त्याला तीन. त्यानंतर पाहुण्यानं अजिंठा किती लांब आहे, सकाळी किती वाजता निघावं असं विचारलं आणि पोरानं तेही सांगितलं, तर चार.

सहा कामं, प्रत्येकी चार, एकूण २४ गुण. एका माणसाला साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. हे का करायचं ते पुढं येईल.

आणखी एक. चाचणीत पाहुणा कोण होणार? शिकवणारे सरच पाहुणा झाले तर पोरांना त्यांच्या बोलण्याची सवय झालेली असते, अन् सरही नकळत सोपं बोलतात. म्हणून पाहुण्याच्या जागी अनोळखी माणूस पाहिजे. त्याचं इंग्रजी फाडफाड असायची गरज नाही. वेरूळ-अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंकेतूनही लोक येतात, त्यातल्या अनेकांचं इंग्रजी आपल्यासारखंच तोडकं असतं. पोरांना ते समजलं पाहिजे. लंडनच्या साहेबासारखा उच्चार काढणं हे हॉटेलचं काम नव्हे.

'७८ टक्के' कसे तयार होतात

आता हिशोब बघू. हॉटेलचे २० जण क्लासला बसले. आधीच्या चाचणीत २४ पैकी सरासरी ९ गुण. दहा आठवड्यांनी नंतरची चाचणी झाली, सरासरी १६. क्लासवाला लिहितो, ९ वरून १६, म्हणजे ७ गुणांची वाढ. सात भागिले नऊ, ७८ टक्के सुधारणा. गणित बरोबर आहे. पण तीन गोष्टी झाकल्या गेल्या.

पहिली गोष्ट, गळालेले लोक. २० पैकी ५ जण मधेच थांबले. कोणाची रात्रपाळी लागली, कोणी सोयाबीन काढायला गावी गेलं, कोणाला लाज वाटली. या पाच जणांचे आधीचे गुण सरासरी ६ होते, म्हणजे ते कच्चेच होते. शेवटपर्यंत राहिलेल्या १५ जणांची आधीची सरासरी मुळातच १० होती. म्हणजे खरी वाढ १० वरून १६, सहा गुणांची. एक गुण कोणी काही न शिकता, नुसते कच्चे लोक यादीतून गेल्यामुळं वाढला. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या पोरांना परीक्षेलाच बसू द्यायचं नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथं तो बहुतेक वेळा मुद्दाम होत नाही, आपोआप होतो.

दुसरी गोष्ट, तोच कागद. आधी जे सहा प्रसंग होते तेच नंतर दिले. पोरांनी दहा आठवडे तेच घोकले. मंगळवारचं वाक्य पाठ. पण पाहुण्यानं मंगळवारऐवजी अजिंठ्याच्या सोमवारचं विचारलं की गाडी थांबली. यावर उपाय असा की कामं तीच ठेवायची, प्रसंग बदलायचे. शेंगदाण्याऐवजी दूध किंवा अंडं विचारायचं, गरम पाण्याऐवजी बंद पडलेला एसी, गाडीची वेळ वेगळी. आपल्या उदाहरणात प्रसंग बदलून घेतलं तर त्याच १५ जणांची सरासरी १४ येते. म्हणजे वाढ उरली चार गुणांची.

तिसरी गोष्ट, गुण देणारा. ज्यानं शिकवलं त्यानंच गुण दिले, अन् हे नंतरचं रेकॉर्डिंग आहे हे त्याला माहीत होतं, तर हात सैल सुटणारच. तो खोटारडा असतो असं नाही, आपण घेतलेल्या मेहनतीचं फळ माणसाला दिसतंच. म्हणून रेकॉर्डिंग लागतं. आधीची आणि नंतरची सगळी रेकॉर्डिंग नाव-तारीख काढून, मिसळून, शिकवण्याशी संबंध नसलेल्या दोघांना ऐकवायची. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे. एखाद्या कामात दोघांमध्ये दोन गुणांचा किंवा जास्त फरक आला तर ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं.

शेवटी हातात काय राहिलं? ७८ टक्क्यांच्या जागी २४ पैकी चार गुणांची वाढ. हे ऐकून वाटेल, मग क्लास फुकटच गेला. तसं नाही. टक्के बाजूला ठेवा अन् माणसं मोजा. दुसऱ्या कामात, म्हणजे लेणी बंदच्या कामात, तीन किंवा जास्त गुण आधी २० पैकी ४ जणांना होते. नंतर १२ जणांना, आणि हे गळालेले पाचही २० मध्ये धरून. शेंगदाण्याच्या कामात आधी ११ जण न कळता "येस" म्हणाले होते. नंतर चाचणी दिलेल्या १५ पैकी असं म्हणणारे दोघेच उरले. हॉटेल मॅनेजरला हे लगेच समजतं, कारण हे त्याच्या काउंटरवर दिसणार आहे. चार गुणांची खरी वाढ ही सात गुणांच्या फुगवलेल्या वाढीपेक्षा कामाची.

४० तासांत किती होतं?

भाषेची पातळी मोजायला युरोपात एक पट्टी आहे, तिला सीईएफआर म्हणतात. कौन्सिल ऑफ युरोपनं ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली अन् आज जगभर वापरतात. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या. ए१ म्हणजे नाव-गाव सांगता येणं, ए२ म्हणजे रोजच्या ठरावीक कामापुरतं बोलणं, बी१ म्हणजे अचानक आलेला प्रसंगही निभावणं. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजानं शून्यापासून ए२ ला पोचायला साधारण १८० ते २०० तासांचं शिक्षण लागतं, बी१ ला ३५० ते ४००.

मग मेलमध्ये कोणी "४० तासांत ए१ वरून बी१" लिहिलं असेल तर ते वाचून मेल बंद करावा. ४० तासांत अख्खी एक पायरीही चढून होत नाही. म्हणूनच सीईएफआरची सर्वसाधारण परीक्षा आधी-नंतर घेतली तर फरक जवळपास दिसतच नाही अन् एचआरला वाटतं पैसे बुडाले. ४० तासांत होतं ते असं : ठरावीक पाच-सहा कामं नीट करता येतात. चाचणीनं तेच मोजावं अन् मेलनं तेवढंच कबूल करावं.

सीझननं शिकवलं की क्लासनं?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज विदेशी पाहुणे समोर असले की पोरं क्लासशिवायही थोडं शिकतातच. मग वाढलेल्या गुणांत क्लासचा वाटा किती? यावर सोपा मार्ग आहे. ४० जणांचा स्टाफ असेल तर एकदम सगळ्यांना बसवायचं नाही. निम्म्यांची बॅच आधी, निम्म्यांची नंतर. बॅच कोणाची पहिली ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पहिल्या बॅचच्या दोन्ही चाचण्यांच्या वेळी दुसऱ्या बॅचचीही तीच चाचणी घ्यायची. दुसरी बॅच क्लास न होता एक गुणानं वाढली असेल, तर पहिल्या बॅचच्या चारपैकी एक गुण सीझनचा, तीन क्लासचे. आपण शेतात नवं खत अर्ध्या वावरात टाकून बघतो, अर्धं तसंच ठेवतो, तीच ही रीत.

तीन महिन्यांनी पुन्हा

क्लास संपला त्याच संध्याकाळी चाचणी घेतली तर सगळं ताजं असतं. खरं काय उरलं ते तीन महिन्यांनी कळतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या कंपन्यांत आजही वापरतात. शिकणाऱ्याला ते आवडलं का, तो शिकला का, कामावर गेल्यावर तसं वागतो का, आणि त्यानं कंपनीचा काय फायदा झाला. बहुतेक क्लास पहिल्या पायरीवर थांबतात, फॉर्म भरून घेतात, "सर खूप छान शिकवतात." चाचणी ही दुसरी पायरी. तिसरी बघायची तर तीन महिन्यांनी सुपरवायझरनं एक शिफ्ट काउंटरजवळ उभं राहून तीच सहा कामं बघायची.

मेल कसा असावा?

तालुक्यातला एखादा क्लासवाला हे वाचत असेल तर त्यानं मेल लांबलचक लिहू नये. तो इंग्रजीतच जातो, पण मजकूर साधारण असा :

"नमस्कार मॅडम. तुमच्या काउंटर, गेट, रेस्टॉरंट आणि गाडीवरच्या २० जणांसाठी ४० तासांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास सुचवत आहे. दहा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दुपारी ३ ते ४. ही वेळ कामाची धरावी अशी विनंती.

सुरुवातीला दोन शिफ्ट निरीक्षण करून तुमच्यासोबत सहा कामं ठरवू. त्यावर प्रत्येकाची १५ मिनिटांची आधीची चाचणी होईल. नंतरची चाचणी त्याच कामांवर, पण वेगळ्या प्रसंगांनी होईल. रेकॉर्डिंग प्रत्येकाची परवानगी घेऊनच करू. गुण आमच्या शिक्षकांनी न देता बाहेरचे दोन परीक्षक देतील.

अहवालात क्लास सोडून गेलेलेही दाखवू. प्रत्येक कामात किती जण तीन गुणांवर पोचले ते लिहू. क्लासनंतर सगळे सफाईदार इंग्रजी बोलतील असा आमचा दावा नाही. फी तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर."

शेवटच्या ओळीकडं लक्ष द्या. हप्ता अहवाल मिळाल्यावर द्यायचा आहे, गुण वाढल्यावर नाही. "इतके गुण वाढले तरच पैसे" अशी अट हॉटेलवाल्याला आवडते, पण तिचा परिणाम उलटा होतो. पोटावर आल्यावर क्लासवाला कच्च्या पोरांना बाहेर ठेवतो, नाहीतर चाचणी सोपी करतो.

क्लासला बसणाऱ्यांनी काय विचारायचं?

तुमचा मुलगा-मुलगी अशा क्लासला बसणार असेल तर सुरू होण्याआधी सुपरवायझरला चार गोष्टी शांतपणे विचारून घ्याव्यात. क्लासचा तास ड्युटीत धरणार की ड्युटी संपल्यावर थांबायचं? फी पगारातून कापणार का? आधीच्या चाचणीचे गुण कोण बघणार, त्यावरून कोणाचं काम बदलणार का? आणि माझे दोन्ही वेळचे गुण मला मिळणार का?

चौथा प्रश्न सोडू नका. आधी सहा कामांत काय जमत होतं अन् आता काय जमतं, हा कागद पोराच्या हातात असला तर उद्या तो संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलात काउंटरची जागा मागायला जाऊ शकतो. भिंतीवर लावायच्या सोनेरी सर्टिफिकेटवर हे लिहिलेलं नसतं.

एक शेवटची सूचना. आधीच्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून लाजून क्लास सोडू नका. पहिली चाचणी ही जागा कळण्यासाठी असते, तिथं कोणी नापास होत नाही. आणि काही जण उलट युक्ती करतात, पुढं वाढ जास्त दिसावी म्हणून आधी मुद्दाम गप्प बसतात. तसंही करू नका. क्लासमध्ये काय शिकवायचं ते त्या पहिल्या गुणांवरूनच ठरतं. येणारं झाकलं तर दहा आठवडे येणारंच शिकत बसावं लागेल.